अनुमानित योजनेत रिटर्न भरले, प्राप्ती मर्यादेबाहेर गेली आणि नोटीस आली: उत्तर कोणत्या क्रमाने द्यायचे

आयकर कायद्याच्या कलम ४४एडीएच्या अनुमानित योजनेखाली निम्मी प्राप्ती उत्पन्न म्हणून दाखवून आयटीआर-४ भरणाऱ्या डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट, सल्लागार मंडळींना एक नोटीस नेमाने येते. रिटर्न सदोष आहे, कारण प्राप्ती योजनेच्या मर्यादेपेक्षा जास्त दिसते, असे तिच्यात म्हटलेले असते. ही कलम १३९(९) ची नोटीस. ती दंडाची नोटीस नसते, म्हणून घाबरण्याचे कारण नाही. पण तिचे उत्तर लोक हमखास उलट्या क्रमाने देतात. आधी पोर्टलवर Agree दाबतात, मग फॉर्म बदलतात आणि हिशेब सर्वात शेवटी शोधायला बसतात. खरा क्रम याच्या नेमका उलट आहे.

सबंध लेखात एकच उदाहरण घेऊ. एक आर्किटेक्ट. आर्थिक वर्ष २०२४-२५ साठी त्यांनी आयटीआर-४ मध्ये प्राप्ती ७०,४२,००० आणि उत्पन्न त्याच्या निम्मे, म्हणजे ३५,२१,००० दाखवले. टीडीएस ७,९८,००० होता, म्हणून २१,८५० रुपयांचा परतावा मागितला. डिसेंबर २०२५ मध्ये परताव्याऐवजी नोटीस आली.

## टप्पा १: नोटीस खरी आहे का आणि कोणत्या वर्षाची आहे

ईमेलमधल्या दुव्यावर टिचकी मारू नका. आयकर पोर्टल स्वतः उघडा. लॉगिन न करताही मुखपृष्ठावर Authenticate Notice/Order Issued by ITD हा पर्याय असतो, तिथे नोटिशीवरचा क्रमांक टाकला की ती खात्यानेच काढली आहे का ते कळते. मग लॉगिन करून Pending Actions आणि त्याखाली e-Proceedings उघडा. खरी नोटीस तिथे दिसलीच पाहिजे.

आता तीन गोष्टी कागदावर उतरवून घ्या: कर निर्धारण वर्ष, दोषाचे वर्णन आणि उत्तराची शेवटची तारीख. साधारणपणे १५ दिवस मिळतात.

वर्ष पाहणे महत्त्वाचे, कारण मर्यादा वर्षावर अवलंबून आहे. आर्थिक वर्ष २०२२-२३ पर्यंत ती सरसकट ५० लाख होती. २०२३-२४ पासून ती ७५ लाख झाली, पण वर्षभरातली रोख प्राप्ती एकूण प्राप्तीच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसेल तरच. रोख त्यापुढे गेली की मर्यादा पुन्हा ५० लाखांवर येते. जुन्या वर्षाच्या नोटिशीला ७५ लाखांचा दाखला देणारी उत्तरे मी पाहिली आहेत. ती अर्थातच टिकत नाहीत.

सावध: अकाउंट पेयी नसलेला चेक कायद्याच्या दृष्टीने रोखच धरला जातो. पैसे बँकेतच आले, ही सबब इथे चालत नाही.

## टप्पा २: आधी मुदतवाढ मागा

हे वाचून काहींना आश्चर्य वाटेल, पण हिशेब सुरू करण्याआधीच मुदतवाढीचा अर्ज टाका. मर्यादा खरोखर ओलांडली असेल तर वर्षभराच्या वह्या लिहायच्या, सीएकडून लेखापरीक्षण करून घ्यायचे, अहवाल चढवायचा आणि मगच रिटर्न भरायचे, एवढे काम समोर असते. १५ दिवसांत ते क्वचितच होते. e-Proceedings मध्ये त्या नोटिशीसमोरच Seek/View Adjournment हा पर्याय असतो. कारण लिहा: "प्राप्तीचा मेळ घालून आवश्यक असल्यास कलम ४४एबीखाली लेखापरीक्षण अहवाल दाखल करायचा आहे." एवढे पुरे.

मुदत उलटून गेली आणि उत्तर गेलेच नाही, तर रिटर्न अवैध ठरते. म्हणजे ते भरलेच नव्हते असे धरतात. मग विलंब शुल्क, व्याज आणि अडकलेला परतावा अशी माळ लागते.

## टप्पा ३: खरी प्राप्ती किती, ते काढा

सगळे प्रकरण इथे ठरते, त्यामुळे इथे घाई करू नका.

चार कागद समोर घ्या: फॉर्म २६एएस, एआयएस, स्वतःची बिले आणि बँकेचे उतारे. जीएसटी नोंदणी असेल तर वर्षभराची जीएसटी विवरणपत्रेही घ्या, कारण त्यातली उलाढाल एआयएसमध्ये येते आणि खाते ती पाहते.

आमच्या आर्किटेक्टनी ७०,४२,००० हा आकडा कुठून आणला? बँकेत जमा झालेल्या रकमांची बेरीज केली, जीएसटी वजा केला, थोडी रोख मिळवली. सगळे व्यवस्थित वाटते, पण बँकेत पैसे येतात ते टीडीएस कापून. ७,९८,००० रुपये त्यांच्या वतीने सरकारकडे गेले होते आणि तीही त्यांचीच प्राप्ती होती. रिटर्नमध्ये टीडीएस पूर्ण मागितला आणि ज्या रकमेवर तो कापला ती मात्र अपुरी दाखवली. संगणकाला ही विसंगती दिसायला क्षणही लागत नाही.

आता उलट बाजू. २६एएसमध्ये कलम १९४जे खालची एकूण रक्कम ७९,८०,००० होती. हाही आकडा जसाच्या तसा धरायचा नाही. बिले लावून पाहिल्यावर दोन गोष्टी सापडल्या.

एका बिल्डरने २० लाखांच्या फीवर नव्हे, तर जीएसटी धरून २३,६०,००० वर टीडीएस कापला होता. बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल तर टीडीएस फक्त फीवर कापायचा, असे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २०१७ च्या परिपत्रकातच सांगितले आहे. पण ग्राहकांचे हिशेबनीस ते नेहमी पाळतात असे नाही. वेगळा आकारलेला आणि वेगळ्या खात्यात ठेवलेला जीएसटी ही तुमची प्राप्ती नव्हे. म्हणजे ३,६०,००० कमी झाले.

दुसऱ्या ग्राहकासाठी त्यांनी महापालिकेचे शुल्क भरले होते, पावती ग्राहकाच्याच नावाची, रक्कम ९०,०००. ग्राहकाने ती परत करताना तिच्यावरही टीडीएस कापला. हीही प्राप्ती नाही. मात्र स्वतःचा प्रवासखर्च किंवा छपाई बिलात लावून वसूल केली असेल, तर ती प्राप्तीच. "खर्चाची भरपाई" असे नाव दिल्याने ती बाहेर पडत नाही. पावती कोणाच्या नावाची आहे, यावर ते ठरते.

७९,८०,००० वजा ४,५०,०००, म्हणजे ७५,३०,०००. मर्यादेच्या अगदी काठावर आल्यासारखे वाटते. ३० हजारच जास्त, काहीतरी निघेल, असे म्हणत लोक इथेच चुकीची वाट धरतात. पण २६एएसमध्ये जे नाही ते अजून मिळवायचेच आहे. घर बांधणाऱ्या साध्या ग्राहकांनी टीडीएस न कापता दिलेले ३,१०,००० होते, त्यातले १,५०,००० रोख. एकूण खरी प्राप्ती ७८,४०,००० झाली.

रोख ५ टक्क्यांच्या आत आहे, जेमतेम २ टक्के. म्हणून मर्यादा ७५ लाखांचीच. पण ती ओलांडली आहे.

तपासा: मार्चअखेर ग्राहकाने टीडीएस दाखवला आणि पैसे एप्रिलमध्ये आले, अशी नोंद आहे का? तुम्ही दरवर्षी रोख पद्धतीने हिशेब ठेवत असाल तर ती प्राप्ती पुढच्या वर्षाची, आणि त्या रकमेचा टीडीएसही रिटर्नमधल्या तक्त्यात पुढे ओढायचा. टीडीएस यंदा आणि प्राप्ती पुढच्या वर्षी, असे चालणार नाही. आणि एरवी येणे धरून हिशेब लिहिणाऱ्याने केवळ मर्यादेतून सुटण्यासाठी यंदाच पद्धत बदलली, तर तेही पकडले जाते.

सावध: जुन्या तारखेची क्रेडिट नोट काढणे, दोन बिले पत्नीच्या नावावर वळवणे असले उपाय सुचवणारे भेटतील. ग्राहकाच्या टीडीएस विवरणात आणि तुमच्या जीएसटी विवरणात तीच रक्कम आधीच बसलेली असते. साधी चूक होती, ती मग लपवाछपवी ठरते.

## टप्पा ४: सहमत की असहमत

मेळ घातल्यावर प्राप्ती मर्यादेतच निघाली आणि रिटर्नमध्येही तोच आकडा दाखवला असेल, तर Disagree निवडा आणि कारणात मेळ आकड्यांत मांडा. २६एएसची रक्कम इतकी, त्यात जीएसटी इतका, ग्राहकाच्या वतीने भरलेले शुल्क इतके, बाहेरची प्राप्ती इतकी, निव्वळ इतकी. चार ओळी पुरतात. कायद्याची लांबलचक अवतरणे कोणी वाचत नाही.

प्राप्ती मर्यादेत आहे, पण रिटर्नमधला आकडा चुकला आहे, असेही होते. तेव्हा Agree म्हणून तोच आयटीआर-४ योग्य आकड्यासह भरायचा.

मर्यादा खरोखर ओलांडली असेल तर उत्तर Agree, पण ते अजून दाबायचे नाही. एकदा पाठवलेले उत्तर मागे घेता येत नाही, बदलताही येत नाही. पुढचे दोन टप्पे आधी पूर्ण करा.

## टप्पा ५: निम्म्याचा हिशेब सोडा, खरा नफा काढा

इथली सर्वात मोठी चूक ही: लोक आयटीआर-३ घेतात आणि त्यातही ७८,४०,००० च्या निम्मे, ३९,२०,००० दाखवतात. काहीजण तर ७५ लाखांवर निम्मे आणि वरच्या ३,४०,००० वर पूर्ण, असा घरगुती तोडगा काढतात. दोन्ही चूक. मर्यादा ओलांडली की त्या वर्षापुरती योजना संपूर्ण सुटते. मग प्राप्ती वजा प्रत्यक्ष खर्च, एवढेच उरते.

म्हणजे रोजकीर्द, खातेवही, बिलांच्या प्रती आणि खर्चाच्या मूळ पावत्या लागतात. वर्षभर काही लिहिलेले नसेल तर बँकेच्या उताऱ्यावरून महिन्यागणिक बांधत जा. प्रत्येक खर्चाला पावती किंवा निदान बँकेची नोंद हवी. एकाच व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांवर रोख दिलेला खर्च मान्य होत नाही.

आर्किटेक्टचा खर्च असा निघाला: पगार १४,४०,०००, स्ट्रक्चरल व इतर सल्लागारांची फी ९,६०,०००, कार्यालयाचे भाडे ४,८०,०००, सॉफ्टवेअर, छपाई, प्रवास वगैरे ४,३५,०००. एकूण ३३,१५,०००.

आता घसारा, कारण इथे बहुतेकांचा पाय घसरतो. त्यांनी जुलै २०२२ मध्ये ५ लाखांचे संगणक घेतले होते. त्यानंतरची दोन्ही वर्षे अनुमानित योजनेत गेली, घसारा कुठेच दाखवला नव्हता. म्हणून यंदा ५ लाखांवर ४० टक्के, म्हणजे २ लाख घेता येतील, असे त्यांना वाटले. येत नाहीत. योजनेतल्या वर्षांतही घसारा मिळाला असेच कायदा मानतो. पहिल्या वर्षअखेर किंमत ३,००,०००, दुसऱ्या वर्षअखेर १,८०,०००, आणि यंदाचा घसारा १,८०,००० च्या ४० टक्के: फक्त ७२,०००.

एकूण वजावट ३३,८७,०००. नफा ४४,५३,०००, म्हणजे प्राप्तीच्या जवळपास ५७ टक्के. निम्म्यापेक्षा जास्त. खर्च कमी असलेल्या व्यवसायात असेच होते, आणि मग खर्च "शोधण्याचा" मोह होतो. पावती नसलेला खर्च लेखापरीक्षकाकडे टिकणार नाही, तेव्हा तो वेळ वाचवा.

तपासा: आदल्या वर्षी तुमची प्राप्ती ५० लाखांवर होती का? असेल तर सल्लागारांच्या फीवर टीडीएस कापण्याची जबाबदारी तुमची होती, अनुमानित योजनेत असूनही. तो कापला नसेल तर त्या खर्चाचा ३० टक्के भाग नामंजूर होतो. आर्किटेक्टची आदल्या वर्षीची प्राप्ती ४७ लाख होती, म्हणून ते वाचले. नाहीतर ९,६०,००० पैकी २,८८,००० नफ्यात मिळवावे लागले असते.

## टप्पा ६: लेखापरीक्षण अहवाल आधी, रिटर्न नंतर

व्यावसायिकासाठी लेखापरीक्षणाची मर्यादा ५० लाखच आहे. ५० ते ७५ लाखांच्या पट्ट्यात सूट मिळते ती ४४एडीए वापरल्यामुळे. योजना सुटली की ती सूटही सुटते. रोख जास्त झाल्यामुळे ६० लाखांवर योजनेबाहेर पडलेल्या डॉक्टरलाही लेखापरीक्षण करावेच लागते.

पोर्टलवर आधी My CA मध्ये आपल्या सीएला जोडा आणि फॉर्म ३सीबी-३सीडी त्यांच्याकडे सोपवा. ते त्यांच्या लॉगिनमधून अहवाल चढवतील. मग तो तुमच्या Worklist मध्ये येतो आणि तुम्ही स्वीकारेपर्यंत दाखल झालेला नसतो. "सीएने टाकलाय" म्हणून निर्धास्त राहिलेले आणि Worklist न उघडलेले लोक दरवर्षी सापडतात.

२०२४-२५ साठी अहवालाची मुदत वाढवून १० नोव्हेंबर २०२५ केली होती. आमच्या आर्किटेक्टना नोटीस आली तेव्हा तीही गेलेली होती. तरी उशिरा का होईना, अहवाल द्यायचाच. उशिराचा दंड प्राप्तीच्या अर्धा टक्का किंवा दीड लाख, यातला कमी असेल तो. ७८,४०,००० वर ३९,२००. पण तो आपोआप लागत नाही. त्यासाठी वेगळी नोटीस येते आणि वाजवी कारण दाखवता आले तर तो माफ होऊ शकतो. टीडीएस आणि जीएसटीच्या घोळामुळे मर्यादेत असल्याचा प्रामाणिक समज झाला होता, हे दाखवणारा टप्पा ३ चा मेळ इथे पुन्हा उपयोगी पडतो. तारखेसह जपून ठेवा.

## टप्पा ७: कर भरा आणि मग उत्तर पाठवा

४४,५३,००० वर नव्या करपद्धतीने उपकरासह कर १०,६६,९३६ येतो. टीडीएस ७,९८,००० वजा केला की २,६८,९३६ भरायचे. परतावा मागणारा माणूस इथे येऊन देणेकरी होतो.

त्यावर व्याज. अनुमानित योजनेत आगाऊ कर १५ मार्चला एकाच हप्त्यात चालतो. योजना सुटल्यावर जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्च असे चार हप्ते लागू होतात. ते चुकल्याचे कलम २३४सी खाली सुमारे १३,५८० रुपये. शिवाय कलम २३४बी खाली एप्रिलपासून दरमहा १ टक्का, म्हणजे महिन्याला सुमारे २,६९०. डिसेंबरमध्ये भरले तर नऊ महिन्यांचे २४,२०० होतात. सगळे मिळून जवळपास ३,०६,७००. महिना उलटला की आणखी एक हप्ता चढतो, म्हणून मुदतवाढ मिळाली तरी कर आधी भरलेला बरा.

भरणा e-Pay Tax मधून, प्रकार स्वयंनिर्धारण कर, म्हणजे ३००. वर्ष निवडताना कर निर्धारण वर्ष २०२५-२६. चलनात वर्ष चुकले तर ते दुरुस्त होईपर्यंत मागणी तशीच राहते.

आता e-Proceedings मध्ये जाऊन Agree निवडा आणि आयटीआर-३ तिथूनच भरा. रिटर्न कलम १३९(९) च्या नोटिशीला उत्तर म्हणून जात आहे हे निवडा, नोटिशीचा क्रमांक आणि मूळ रिटर्नचा पोच क्रमांक टाका. लेखापरीक्षण अहवालाची तारीख व पोच क्रमांकही त्यात भरायचा असतो, म्हणूनच अहवाल आधी. जीएसटीसाठी नफातोटा पत्रकात वेगळ्या ओळी आहेत, तिथे तो जमेकडे आणि खर्चाकडे दाखवला की २६एएसशी फरक कमी होतो.

सावध: मुदत शिल्लक असली की काहीजण स्वतंत्र सुधारित रिटर्न भरून मोकळे होतात आणि नोटीस तशीच उघडी सोडतात. कायद्याने नवे रिटर्न भरता येत असले, तरी नोटिशीच्या उत्तरातच दुरुस्ती जाऊ द्यावी, असे माझे मत आहे. दोन रिटर्ने आणि एक अनुत्तरित नोटीस, हा गुंता निस्तरायला जास्त वेळ लागतो.

पोच पावती उतरवून घ्या. दोन-तीन दिवसांनी पुन्हा e-Proceedings उघडून उत्तर जमा झालेले दिसते का ते पाहा.

## पुढच्या वर्षी

व्यापाऱ्यांच्या ४४एडी योजनेत एकदा बाहेर पडले की पाच वर्षे परत येता येत नाही. ती अट ४४एडीएला नाही. पुढच्या वर्षी प्राप्ती मर्यादेत असेल तर पुन्हा निम्मे उत्पन्न दाखवून आयटीआर-४ भरता येते. पण यंदा प्राप्ती ५० लाखांवर गेली आहे, म्हणून १ एप्रिलपासून सल्लागारांच्या फीवर टीडीएस कापायची जबाबदारी सुरू झाली आहे. त्यासाठी टॅन नसेल तर आजच अर्ज करा. आणि दर डिसेंबरअखेर बिलांची बेरीज काढा, बँकेची नव्हे. ६५ लाखांच्या पुढे गेली असेल तर उरलेल्या तीन महिन्यांत वह्या लिहायला घ्या आणि १५ मार्चपूर्वी खऱ्या नफ्यावरचा आगाऊ कर भरून टाका.